अधिक मासातलं गाणं

अधिक मासात गाणं प्रसिद्ध करू नये, असं स्पॉटिफायच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. काल रात्री मी चिडून सगळं वाचून काढलं. तरीही माझं पावसाचं गाणं ५ जूनवरून १९ जूनवर गेलंय. कारण त्यातल्या बासरीवाल्याचे पैसे नानांनी दिलेत.

नाना म्हणजे बायकोचे मामा. निवृत्त आहेत आणि पंचांग जवळ बाळगतात. मी लॅपटॉपवर तारीख भरत होतो, तेवढ्यात ते मागून वाकले.

"५ जून? अरे, ज्येष्ठ अधिक आहे यंदा. १५ जूनपर्यंत काही शुभ करायचं नाही."

"नाना, हे लग्न नाही, गाणं आहे."

"पहिलंच आहे ना? मग झालं तर."

मी समजावून पाहिलं. पाऊस कोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. लोक पावसाची गाणी शोधायला लागतात, तेव्हा आपलं गाणं तिथे हजर हवं. शिवाय ५ तारखेला शुक्रवार. २०१५च्या जुलैपासून जगभर नवी गाणी शुक्रवारी यायची पद्धत पडली आहे, आणि स्पॉटिफायवर श्रोत्यांना नवी गाणी सुचवणारी 'रिलीज रडार' ही यादीही शुक्रवारीच ताजी होते.

"म्हणजे सगळ्यांची गाणी एकाच दिवशी?" नानांनी चष्मा काढला. "एकाच मुहूर्तावर गावात चार लग्नं लागली, की आपल्याकडे जेवायला कोण येतं? ज्यांना कुठेच बोलावलेलं नसतं ते."

यावर मला उत्तर सुचलं नाही, याचाच मला जास्त राग आहे. शुक्रवारी मोठमोठ्या कंपन्यांची गाणी येतात आणि आमच्यासारखा त्यात बुडतो, हे खरंच आहे. पण मधल्या वारी आणलं तर रडारसाठी पुढच्या शुक्रवारची वाट बघा. शेवटी १९ जून ठरला. वारही शुक्रवार आणि महिनाही निज ज्येष्ठ.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, की पंधरा दिवस वाढल्याने सोय झाली. गाणं ॲप्सपर्यंत पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे दिलं की ते लगेच स्पॉटिफायला पोहोचत नाही, मध्ये काही दिवस जातात. ते पोहोचून कलाकारांसाठीच्या 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'मध्ये आगामी म्हणून दिसलं, की मगच गाण्यांच्या याद्या बनवणाऱ्या स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवता येतं. आणि प्रसिद्ध होण्याच्या निदान ७ दिवस आधी पाठवलं, तर आपल्या फॉलोअर्सच्या रडारमध्ये ते नक्की जातं. म्हणजे माझी शेवटची तारीख १२ जून. पण संपादकांना ऐकायला वेळ हवा, म्हणून शहाणी माणसं तीन-चार आठवडे हातात ठेवतात. गाणं एकदा बाहेर आलं, की ही खिडकी बंद. मागाहून रडून उपयोग नाही.

मग अर्ज. प्रकार, मूड, वाद्यं आणि भाषा भरायची. मूडपाशी नाना म्हणाले, "सात्त्विक लिही." तसा पर्याय नव्हता. शेवटी गाण्याबद्दल लिहायला जागा आहे ५०० अक्षरांची. नानांनी सांगायला सुरुवात केली: "सदर गीताच्या गायकाचे आजोबा पंचक्रोशीत भजनासाठी प्रसिद्ध होते..." माझ्या पणजोबांपर्यंत पोहोचेस्तोवर जागा संपली होती आणि पाऊस अजून आलाच नव्हता.

मी सगळं पुसलं. संपादकाला आजोबा नको असतात. गाणं कशाबद्दल आहे, कुठल्या श्रोत्याला रुचेल, ते पोहोचवायला आपण काय करणार आहोत, एवढं हवं. मी लिहिलं: कोकणातल्या पहिल्या पावसाचं मराठी गाणं, संथ लय, बासरी आणि गिटार, व्हिडिओ १९ तारखेलाच येणार. नाना वाचून म्हणाले, "याला काय अर्थ आहे? रेल्वेची चौकशी वाटते."

मग आवाज खाली आणून: "त्या संपादकाला काही द्यावं लागतं का?"

नाही लागत. संपादकांच्या यादीतली जागा पैशाने मिळत नाही. पण 'हमखास इतकी स्ट्रीम्स' विकणारे गल्लोगल्ली झालेत. ते यंत्रांकडून गाणं वाजवून घेतात, पकडलं गेलं की आकडे पुसले जातात, गाणंही काढलं जाऊ शकतं. विकणारा तोवर पुढचं गिऱ्हाईक गाठतो. मला रोज त्यांचे मेसेज येतात. त्या संपादकांचा मात्र एक येत नाही. नापसंत असेल तर तसं कळवतही नाहीत. प्रसिद्धीच्या दिवसापर्यंत काही आलं नाही, तर आपणच समजून घ्यायचं. बरं, एका वेळी एकच गाणं पाठवता येतं. हे बाहेर पडेस्तोवर दुसरं तयार असलं तरी ते रांगेत उभं.

पाठवलं एकदाचं. नाना खूश. "आता फक्त मला ती एमपीथ्री व्हॉट्सॲपवर टाक," म्हणाले.

"नाना, १९ तारखेला ॲपवर ऐका. मला फॉलो करा. तुमच्यासारखे फॉलोअर असले तरच रडारचा उपयोग."

"मला ते ॲप जमत नाही. आणि टाकायला काय हरकत आहे? मी एकटाच ऐकणार."

टाकली. आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ती आली, खाली नानांची ओळ: "जावईबापूंचे नवे गीत. अधिक मास असल्याने अधिकृत प्रकाशन नंतर."