जुनी असेसमेंट उघडायला नुसता संशय पुरत नाही

"आयकर खात्याच्या मनात आलं तर कितीही जुनी केस उघडता येते. 'विश्वास ठेवण्यास कारण' ही अट 2021 मध्ये काढून टाकली, त्यामुळे आता कारण सांगायचीही गरज नाही. नोटीस आली की मागतील तेवढा कर भरून मोकळं व्हा, उत्तर देऊन काही होत नाही."

असा सल्ला सर्रास ऐकू येतो. त्यात खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. 1961 च्या आयकर कायद्यातले ते शब्द 1 एप्रिल 2021 पासून गेले आणि त्यांच्या जागी 'उत्पन्न करातून सुटल्याचं सुचवणारी माहिती' आली. पण त्याच दिवशी कलम 148ए सुद्धा आलं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. या कलमाप्रमाणे अधिकाऱ्याला आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि हाताशी असलेली माहिती तिच्यासोबत पाठवावी लागते. तुमचं उत्तर लक्षात घेऊन, वरिष्ठांची मंजुरी घेऊन, केस उघडण्याजोगी आहे की नाही असा आदेश काढावा लागतो. केस प्रत्यक्ष उघडणारी, कलम 148 ची नोटीस त्यानंतर येते. पूर्वी कारणांची प्रत आपल्याला मागावी लागे, आणि तो हक्कही 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स निकालाने पक्का केला होता. आता माहिती न मागता द्यावी लागते.

शब्द बदलले म्हणून अधिकाऱ्याला आधीच्या निर्णयाचा फेरविचार करण्याची मुभा मिळाली, असंही नाही. केल्व्हिनेटर प्रकरणात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फेरनिर्धारण, म्हणजे केस पुन्हा उघडून कर ठरवणं, वेगळं आणि फेरविचार वेगळा. छाननीत एकाने कागद पाहून मान्य केलेली वजावट, त्याच कागदांवर दुसऱ्याचं मत बदललं म्हणून काढून घेता येत नाही. हाती काही नवं, ठोस असावं लागतं. हे तत्त्व नव्या तरतुदींनाही लागू आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सीमेन्स फायनान्शियल सर्व्हिसेसच्या प्रकरणात म्हटलं.

इथे एक मर्यादा आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. बहुतेक पगारदारांची छाननी झालेलीच नसते. त्यांच्याकडे फक्त कलम 143(1) ची, विवरणपत्राच्या प्राथमिक तपासणीनंतर येणारी सूचना असते. ती असेसमेंट नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये राजेश झवेरी प्रकरणात ठरवलं. ज्याने कधी मत बनवलंच नाही, त्याने ते बदललं असं म्हणता येत नाही. अशा वेळी तुमचा खरा आधार म्हणजे मुदत आणि आकडे.

मुदतीचंच बघा. 1 सप्टेंबर 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे 148ए ची नोटीस कर निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, संपल्यापासून 3 वर्षांत यायला हवी. सुटलेलं उत्पन्न 50 लाख किंवा जास्त असल्याचं दाखवणारे पुरावे असतील, तरच 5 वर्षांत. 148 च्या नोटिशीला दोन्हीकडे आणखी 3 महिने मिळतात.

धरा, सांगलीतल्या एका बाईंनी 2005-06 मध्ये 14 लाखांना घेतलेला प्लॉट 2020-21 मध्ये 58 लाखांना विकला आणि विवरणपत्र भरलं नाही. नोंदणी कार्यालयाकडून व्यवहार खात्याला कळला आणि डिसेंबर 2025 मध्ये नोटीस आली: 58 लाख करातून सुटले. कर निर्धारण वर्ष 2021-22, म्हणजे 3 वर्षं 31 मार्च 2025 लाच संपली. नोटीस टिकायची तर सुटलेलं उत्पन्न 50 लाखांचं हवं. पण 58 लाख ही विक्रीची किंमत आहे, उत्पन्न नव्हे. महागाई निर्देशांक 117 वरून 301 वर गेला, तेव्हा 14 लाखांची खरेदी सुमारे 36 लाखांची धरली जाते आणि नफा उरतो सुमारे 22 लाख. मर्यादा करपात्र उत्पन्नावर मोजायची, पूर्ण विक्री किमतीवर नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने 2023 मध्ये आधीच्या तरतुदीबाबत म्हटलं. 'करपात्र उत्पन्न' हे शब्द आजच्या तरतुदीतही आहेत.

बाईंचा कर बुडाला होता, हे खरंच. तरीही मुदत संपल्यावर तो वसूल करण्याचा अधिकार खात्याकडे उरत नाही. पण हे अधिकाऱ्यासमोर खरेदीखत ठेवलं तरच दिसतं. बाई गप्प बसल्या, तर त्याच्या फाईलमध्ये फक्त 58 लाखांचा आकडा राहतो आणि 5 वर्षांच्या मुदतीत नोटीस बसते. म्हणून 'उत्तर देऊन काही होत नाही' या सल्ल्याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

उत्तर नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत, पोर्टलवरच द्या. खरेदीखत, विक्रीखत, नफ्याचा हिशेब जोडा आणि मुदतीचा आक्षेप पहिल्याच परिच्छेदात लिहा. आदेश तरीही विरोधात गेला, तर उच्च न्यायालयात रिट करता येते. पुरावा पुरेसा होता का, हे न्यायालय त्या टप्प्यावर सहसा तपासत नाही. पण मुदत, मंजुरी आणि माहितीचा उत्पन्नाशी संबंध आहे का, हे तपासतं. आणि 2004 च्या हिंदुस्थान लीव्हर निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवल्याप्रमाणे, कारणं नोंदवली तशीच वाचली जातात. त्यात राहून गेलेलं अधिकाऱ्याला नंतर प्रतिज्ञापत्रात भरता येत नाही.