पॉपीचं फूल, कपाशीचं बोंड

‘गावाचं दुःख मांडलं की कविता निषेधाचीच झाली ना?’

नाही. भेगाळलेली भुई, आभाळाकडे पाहणारा बळीराजा हाही आता साचाच झालाय, जुन्या गोड ग्रामकवितेतल्या मेंढपाळाच्या बासरीसारखा. इंग्रज कवी जॉर्ज क्रॅबची १७८३ची ‘द व्हिलेज’ ही कविता बघा. तिथेही पॉपीची फुलं डोलतात, पण राबणाऱ्याच्या आशेला वाकुल्या दाखवत. कारण राय या धान्याच्या पिकात ती तण आहेत. गोड कवितेतलं फूलच उचलून त्यानं ते कोणाच्या जिवावर उठतं ते दाखवलं.

आमच्या यवतमाळकडे पांढरंशुभ्र कपाशीचं वावर रस्त्यावरून फार देखणं दिसतं. वेचणाऱ्या बाईची बोटं मात्र बोंडाच्या वाळक्या टोकांनी सोलून निघतात, आणि मजुरी किलोवर. संध्याकाळी तिचं गाठोडं काट्यावर कोण तोलतं, हे ज्या कवितेत येतं तिला मी निषेध म्हणतो.