तीन फेऱ्या बिनचूक, चौथीत गाडी अडली

«साखळी स्पर्धेत n संघ असतील तर प्रत्येकाचे n−1 सामने होतात, म्हणून n−1 फेऱ्यांत स्पर्धा संपते. आलेखातली कमाल कोटी म्हणजेच रंगांची संख्या, हा सिद्ध नियम आहे. जोड्या कशाही लावत जा, शेवटी जुळतंच. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं असेल तर फेऱ्या दुप्पट.»

हा दावा स्पर्धेला बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांचा आलेख मानतो. संघ म्हणजे बिंदू, सामना म्हणजे कडा, फेरी म्हणजे रंग, आणि एका बिंदूला मिळणाऱ्या कडांची सर्वांत मोठी संख्या म्हणजे कमाल कोटी. ही मांडणी बरोबर आहे. एका बिंदूला मिळणाऱ्या दोन कडांना एकच रंग चालत नाही, कारण एक संघ एका फेरीत दोनदा खेळू शकत नाही. गडबड त्यापुढे होते.

पहिला दावा पाच संघांवरच कोसळतो. एकूण सामने 10. एका फेरीत जास्तीत जास्त दोन सामने होतात, कारण पाचवा संघ बसून राहतो. चार फेऱ्यांत फार तर 8 सामने होतील, म्हणून पाचवी फेरी लागतेच. संघसंख्या विषम असेल तर किमान फेऱ्या n, सम असेल तर n−1.

दुसऱ्या मुद्द्यातला «सिद्ध नियम» असा नाहीच. कमाल कोटी ही खालची मर्यादा आहे: तिच्यापेक्षा कमी रंग कधीच पुरत नाहीत, पण तेवढे पुरतीलच याची हमी नाही. गणितज्ञ व्हिझिंगने 1964 साली दाखवलं की कोणत्याही दोन बिंदूंमध्ये एकाहून जास्त कडा नसतील तर कमाल कोटीइतके किंवा त्याहून एक जास्त रंग पुरतात. मात्र हातातला आलेख या दोनपैकी कुठल्या गटातला, हे ठरवणं सर्वसाधारणपणे फार अवघड आहे. एका बाबतीत दावा खरा ठरतो. संघांचे दोन गट असून सामने फक्त गटागटांत, म्हणजे या गटातल्याचा त्या गटातल्याशी, होणार असतील तर कमाल कोटीइतक्या फेऱ्या नेहमी पुरतात. हा क्योनिगचा 1916 चा निष्कर्ष. गंमत म्हणजे याच सोयीच्या मांडणीतून पुढचा सापळा तयार होतो.

«कशाही लावत जा» हे सर्वांत धोक्याचं, कारण चूक लगेच दिसत नाही. सहा संघ घ्या, फेऱ्या पाच व्हायला हव्यात. कोणीतरी अशी सुरुवात करतो:

पहिली: 1-4, 2-5, 3-6
दुसरी: 1-5, 2-6, 3-4
तिसरी: 1-6, 2-4, 3-5

तिन्ही फेऱ्या पूर्ण भरलेल्या, कोणी रिकामं नाही, आणि सगळे सामने 1, 2, 3 या गटाचे 4, 5, 6 या गटाशी. आता उरलेले सामने पाहा: 1, 2, 3 यांचे आपापसांत तीन आणि 4, 5, 6 यांचे आपापसांत तीन. प्रत्येकाचे दोनच सामने बाकी, म्हणून दोन फेऱ्या पुरतील असं वाटतं. पण त्रिकोणातला कोणताही एक सामना लावला की तिसरा संघ एकटा राहतो, आणि त्याच्याशी खेळायला दुसऱ्या गटात कोणी उरलेलं नाही. प्रत्येक त्रिकोणाला तीन फेऱ्या लागतात आणि एकूण सहा होतात. ही खूण लक्षात ठेवा: उरलेले सामने विषम संख्येच्या, एकमेकांशी न जोडलेल्या गटांत फुटले की समजावं, मागची एखादी फेरी उघडावी लागणार.

सगळं खोडायची मात्र गरज नाही. पहिल्या दोन फेऱ्या तशाच ठेवून फक्त तिसरी मोडली तरी भागतं:

तिसरी: 1-6, 2-3, 4-5
चौथी: 2-4, 1-3, 5-6
पाचवी: 3-5, 1-2, 4-6

ही कसरत टाळायची असेल तर एक सोपी रीत आहे. सहावा संघ बाजूला ठेवा. 1 ते 5 मधल्या ज्या दोन संघांच्या क्रमांकांच्या बेरजेला 5 ने भागून सारखीच बाकी उरते, ते सामने एका फेरीत घाला. बाकी 2 ची फेरी: 2-5 आणि 3-4. एकटा राहतो 1, कारण 1+1 ची बाकीही 2 च. तो सहाव्याशी खेळतो. बाकी 4 ची फेरी: 1-3, 4-5 आणि 2-6. अशा पाच बाक्यांच्या पाच फेऱ्या. सहावा संघ नसेलच, तर त्याच्या वाट्याला येणारा त्या फेरीत विश्रांती घेतो. म्हणून पाच संघांना आणि सहा संघांना फेऱ्या सारख्याच लागतात. एक संघ वाढला म्हणून तक्ता लांबत नाही.

राहिलं दुप्पट. सम संघसंख्येला ते चालतं: तोच तक्ता पुन्हा वापरायचा. तीन संघांना मात्र दाव्याप्रमाणे चार फेऱ्या पुरायला हव्यात. सामने सहा, आणि तीन संघांत एका वेळी एकच सामना होऊ शकतो, म्हणून फेऱ्याही सहा. इथे कमाल कोटी चार आहे, म्हणजे व्हिझिंगचं «एक जास्त» सुद्धा अपुरं पडतं, कारण एकाच जोडीत दोन कडा आल्या. अशा वेळी कमाल कोटीच्या दीडपटीहून जास्त रंग कधी लागत नाहीत, हे शॅननने 1949 मध्ये सिद्ध केलं. चारची दीडपट सहा, आणि दोनदा खेळणारे हे तीन संघ नेमके त्या टोकाला जाऊन बसतात.