दादरच्या काकांची रील आणि कापलेला नमस्कार

*दादरच्या साडीवाल्या काकांची रील, बघणारा पहिल्या तीन सेकंदांत थांबावा म्हणून मी कशी बदलली, यावरच्या माझ्या लेखाला आलेली वाचकाची प्रतिक्रिया:* "तुम्ही साडीच्या दुकानवाल्या काकांच्या रीलचं जे केलंत ते मला मुळीच पटलं नाही. नमस्कार काढलात, दुकानाचं नाव शेवटाला ढकललंत, सहाच्या सहा सेवा गाळल्यात आणि वर फाटकी पैठणी दाखवून बायकांना घाबरवलंत. तीन सेकंदांच्या खुळापायी मराठी माणसाची बोलण्याची रीतच घालवायची का? काकांना धंदा करायचाय, व्हायरल व्हायचं नाहीये."

---

तुमच्या रागातला एक मुद्दा खरा आहे आणि तो मला काकांनीही सुनावला होता. त्याकडे येतेच. पण आधी, मूळ लेखात मी फक्त शेवटची संहिता दिली आणि मधली फसलेली गाळली, ही माझी चूक. ती वाचली असतीत तर नमस्कारावरून आपलं एवढं वाजलं नसतं.

काकांची मूळ रील अठ्ठावीस सेकंदांची होती. पहिलं दृश्य दुकानाच्या पाटीचं, मग काका गल्ल्यामागे उभे राहून बोलतात:

"नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आपल्या दुकानात तुमचं मनापासून स्वागत. गेली तीस वर्षं दादरमध्ये आम्ही तुमच्या सेवेत आहोत. आमच्याकडे फॉल-बिडिंग, पिको, रफू, रोल प्रेस, पॉलिश आणि ड्रायक्लीनिंग करून मिळेल. पैठणीची विशेष काळजी घेतली जाते. लग्नसराईत गर्दी असते, तरी लवकर यावे. घरपोच सेवा उपलब्ध."

रीलच्या आकडेवारीत, कुठल्या सेकंदाला किती जण उरले ते दाखवणारी एक रेघ असते. काकांची रेघ "कसे आहात" पर्यंत येईतो निम्म्याहून खाली आली होती. माझं पहिलं निदान तुमच्यासारखंच होतं, फक्त उलट बाजूनं. मला वाटलं, दोष नमस्काराचा. म्हणून मी नमस्कार उडवला, त्या जागी "तुमच्या कपाटातली पैठणी आत्ता फाटतेय!" असं वाक्य टाकलं आणि पुढचं सगळं जसंच्या तसं ठेवलं. गेली तीस वर्षं, फॉल-बिडिंग, पिको, लग्नसराई, सगळं.

रेघेनं फार शिकवण्यासारखी गोष्ट केली. पहिले तीन सेकंद माणसं थांबली, आणि काकांनी "गेली तीस वर्षं" म्हटल्याबरोबर कड्यावरून कोसळावी तशी रेघ खाली आली. म्हणजे पहिल्या आवृत्तीत लोक आत आलेच नव्हते, दुसऱ्या आवृत्तीत आत येऊन फसवणूक झाल्यासारखे परत गेले. खाली एका ताईंची प्रतिक्रिया होती, "फाटतेय म्हणजे काय? करायचं काय ते सांगा ना." सुरुवात एका गोष्टीची आणि मजकूर दुसऱ्याच गोष्टीचा, अशी ती रील झाली होती.

आणि काका. काकांनी ती पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आत्ता फाटतेय? हे कुणी सांगितलं तुला? तिच्या कपाटात तू बघून आलीस?" तुम्ही ज्याला घाबरवणं म्हणता ते हेच, आणि इथे तुमचं शंभर टक्के खरं आहे. ते वाक्य खोटं होतं. मी ते काढलं. आता जी रील आहे तिच्यात कुणाच्याही कपाटाबद्दल दावा नाही. गल्ल्यावर पडलेली, खरोखर चिरलेली एक साडी आहे, तिच्या मालकिणीला विचारून दाखवलेली.

तर दुरुस्ती सुरू कुठून झाली? पहिल्या सेकंदापासून नाही. मी काकांना विचारलं, "गिऱ्हाइकाला कुठली गोष्ट सांगून सांगून तुम्ही कंटाळलात?" जाहिरातीबद्दल विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा सहा सेवा मोजल्या असत्या. या प्रश्नावर ते लगेच म्हणाले, "घडी बदला. लग्नातली पैठणी घडी न मोडता दहा-दहा वर्षं ठेवतात, आणि मग घडीच्या रेघेवर चिरली की रफूला आणतात. रफूनं भोक बुजेल, रेशीम थोडंच नवं होणार?"

हे ऐकून मी एका कागदावर लिहिलं: पैठणीची घडी दर तीन महिन्यांनी बदला. रील पाहून झाल्यावर बाईनं आपल्या नणंदेला फोनवर एका दमात सांगावं, असं हे एकच वाक्य. मूळ संहितेतून असं वाक्य काढून बघा. "दादरमध्ये एक दुकान आहे, तिथे बरंच काही करतात." हे कोण कुणाला कळवणार? आणि कळवण्याला वजन आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत जे तीन महत्त्वाचे निकष सांगितले, त्यांत पाहण्याचा वेळ आणि लाइक यांच्या जोडीला रील दुसऱ्याला पाठवणं हा तिसरा होता, आणि आपल्याला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोहोचायला तो विशेष कामाचा.

वाक्य ठरल्यावर पहिले तीन सेकंद शोधावे लागले नाहीत. घडी बदला म्हणायचंय, तर न बदललेली घडी दाखवायची. आता रील अशी आहे. पाटी नाही, चेहरा नाही. दोन हात पैठणी उलगडून दिव्यासमोर धरतात आणि घडीच्या रेघेतून उजेड आरपार येतो. काकांचा आवाज:

"ही पैठणी कुणी फाडली नाही. घडीवर चिरली. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर दुमडलेली होती. आधी ती रेघ पांढरट दिसते, मग एकेक धागा तुटतो. म्हणून दर तीन महिन्यांनी साडी उलगडायची आणि घडी दुसऱ्या जागी पाडायची. चार भागांत दुमडलेली होती? आता तीन भागांत दुमडा. एवढं केलंत, तर ही घेऊन माझ्याकडे यायची वेळ येणार नाही."

शेवटच्या वाक्याला काकांचा चेहरा दिसतो आणि दुकानाचं नाव येतं. नाव ढकललं म्हणालात, पण मला वाटतं तिथेच ते कुणीतरी वाचतं. पहिल्या सेकंदाला ते पाटीवरचं एक अनोळखी नाव असतं. चोविसाव्या सेकंदाला ते "घडी बदला सांगणाऱ्या माणसाचं" नाव असतं.

आता बोलण्याच्या रीतीबद्दल, कारण तुमचा खरा सल तो दिसतो. काका दुकानात गिऱ्हाइकाला "या ताई, बसा" म्हणतातच, कारण ताई पायरी चढून आलेली असते. रीलमध्ये ताई आलेली नसते. आपणच तिच्या हातातल्या फोनमध्ये न बोलावता शिरलेलो असतो. लेडीज डब्यात क्लिपा आणि कानातली विकणाऱ्या बायका पाहा. त्या "नमस्कार, मी अमुक" म्हणत नाहीत. कानातल्यांचा पुठ्ठा दांडीला अडकवतात, मग भाव सांगतात. उद्धट म्हणून नाही, पुढचं स्टेशन चार मिनिटांवर असतं म्हणून. ही रीतही मराठी मुंबईचीच.

आणि एक भाषेतली अडचण, जिच्याबद्दल रीलवाले फारसं बोलत नाहीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "गेली तीस वर्षं दादरमध्ये आम्ही तुमच्या सेवेत..." इथवर ऐकणाऱ्याला काहीच हाती लागलेलं नसतं, तो "आहोत"ची वाट बघत असतो. संथ बोलणारे काका तीन सेकंदांत पाच-सहा शब्द बोलतात. म्हणजे पहिलं वाक्य त्याहून लांब असेल तर त्याचा अर्थ लागायच्या आत अंगठा सरकलेला असतो. "तुम्हाला माहीत आहे का की..." अशा सुरुवाती त्यामुळेच मराठीत फसतात. अर्धा वेळ नुसता दरवाजा उघडण्यात जातो. "ही पैठणी कुणी फाडली नाही" हे पाच शब्दांत संपतं आणि "मग झालं काय?" हा प्रश्न ऐकणाऱ्याच्याच मनात उठतो. आपल्याला तो विचारावा लागत नाही.

लोकलमध्ये आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ, म्हणून पडद्यावर "घडीवर चिरली" एवढे दोनच शब्द ठेवले, ठसठशीत अक्षरात, मधल्या भागाच्या थोडे वर. तळाशी खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे लाइकची बटणं. पहिल्या खेपेला मी शब्द तळाशी टाकले होते आणि "चिरली"ची वेलांटीच झाकली गेली होती.

सहा सेवा गाळल्या ते सोपं होतं, खरं सांगते. जीव तुटला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, सुती मलमलीत गुंडाळावी, डांबरगोळ्या थेट साडीवर ठेवू नयेत, हे सगळं काकांनी त्याच दमात सांगितलं होतं आणि सगळं खरं होतं. मी घडीच्या रीलमध्ये मलमल घालून पाहिली. मग शेजारच्या मावशींना एकदाच दाखवून विचारलं, "काय सांगितलंय?" त्या म्हणाल्या, "साडी नीट ठेवा असं काहीतरी." मलमल काढली, पुन्हा दुसऱ्या एका मावशींना दाखवली. उत्तर आलं, "घडी बदलायला सांगतायत." मलमलीची रील वेगळी होईल.

धंद्याचं म्हणाल तर मी मोठ्या गप्पा मारणार नाही. नव्या रीलची रेघ शेवटपर्यंत बरीच सपाट राहिली. आधी ती खात्याला फॉलो न करणाऱ्यांनाच दाखवायची सोय असलेल्या Trial मध्ये टाकली होती, म्हणजे काकांचे पुतणे-भाचे प्रेमापोटी पूर्ण बघतात तो आकडा मध्ये आला नाही. पण रेघ सपाट राहिली म्हणजे गिऱ्हाईक वाढलं असं नसतं. काका सांगतात की काही बायका साडी घेऊन आल्या, घडी कशी घालायची ते फुकटात शिकल्या आणि गेल्या. दोघींनी मात्र घरच्या साड्या उलगडून पाहिल्यावर घडीची रेघ पांढरट दिसली म्हणून आणून दाखवल्या. यातून काय मिळेल ते लग्नसराईत कळेल.

सहा सेवा कुठे गेल्या, तर त्या खात्याच्या ओळखीत लिहिल्या आहेत आणि जुनी रील काकांच्या खात्यावर सगळ्यात वर पिन केली आहे. घडीची रील बघून जो नावावर टिचकी मारतो, तो स्वतःहून पायरी चढलेला असतो. त्याला तिथे काका भेटतात, "नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे?" म्हणत. त्यातला एक शब्दही मी कापलेला नाही.