पुण्यातला ताम्रपट आणि वाकाटकांचे राज्य

‘वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा ताम्रपट पुण्यात सापडला, म्हणजे पुण्यावर वाकाटकांची सत्ता होती.’

हा निष्कर्ष चुकीचा आहे. ताम्रपट हा दान मिळालेल्या माणसाचा हक्काचा कागद असे, त्यामुळे तो घराण्याबरोबर किंवा तांबटांच्या हातून कुठेही जाई. शिलालेखासारखा तो जागेला बांधलेला नसतो. म्हणून तो कुठे मिळाला यापेक्षा त्यात काय लिहिले आहे, हे आधी पाहावे लागते.

हे शासन, म्हणजे दानाचा राजहुकूम, नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, निघाले आहे. त्याने आचार्य चनालस्वामी यांना दंगुण हे गाव दिले असून त्याच्या चारही दिशांची गावे नावानिशी नोंदवली आहेत. त्या चतुःसीमेवरून प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी दंगुण म्हणजे हिंगणघाट असे ठरवले. गावात सैनिकांनी शिरू नये, अशी सूटही त्यात आहे. जमीन विदर्भातली, हुकूम विदर्भातला. पुण्याचा संबंध फक्त ताम्रपट मिळण्यापुरता.

इतिहासकारांना यातली वंशावळ अधिक मोलाची वाटते. लेखात आधी येतात ते सासरचे वाकाटक नव्हे, तर माहेरचे गुप्त राजे, आणि राणी स्वतःला दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी म्हणवते. त्याचा काळ ठाऊक असल्याने वाकाटकांचा कालक्रम चौथ्या-पाचव्या शतकाशी जुळवता आला. मुद्रेवर मात्र हे ‘युवराजाच्या आईचे शासन’ असल्याचे कोरले आहे, कारण तिचा मुलगा दिवाकरसेन अजून युवराजच होता आणि कारभार तीच पाहत होती. अर्थात, प्रास्ताविकातली स्तुती पुरावा म्हणून जपूनच वापरावी.