घड्याळात दिसेल ते लिहून ठेवा

डेटाबेसात वेळ कशी ठेवायची, यावर लोक उगाच डोकं शिणवतात. मनगटावर घड्याळ आहे ना? त्यात दिसेल ते रकान्यात टाका आणि जेवायला जा. ही वेळ कुठल्या गावची, असल्या नसत्या चौकश्या कोण करतंय?

आपल्याला तर हे शोभतंच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली वेळ थेट १९५५पर्यंत सोडली नव्हती. त्या शहराला जमलं ते तुमच्या प्रोग्रॅमला का जमू नये?

कोणीतरी शहाणा येऊन सांगेल की घटना घडली तो क्षण यूटीसीमध्ये ठेवा आणि स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवताना काढा. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आपले ग्राहक भारतातले, आपलं घड्याळ वर्षभर साडेपाच तास पुढे, ते ना मार्चमध्ये हलतं ना नोव्हेंबरमध्ये. मग एक दिवस न्यू जर्सीचा ग्राहक मिळेल. पेढे वाटा, पण कोडला हात लावू नका. त्याच्या ऑर्डरी त्याच्याच घड्याळाप्रमाणे लिहून ठेवा.

खरी मजा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येते. २ नोव्हेंबर २०२५चंच घ्या. त्या रात्री तिकडे दोन वाजले आणि घड्याळं मागे सरकून पुन्हा एक वाजला. म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा झाला. समजा, ग्राहकाने पहिल्या फेरीत १:५० वाजता ऑर्डर दिली आणि वीस मिनिटांनी पस्तावून रद्द केली. तेव्हा घड्याळात दुसऱ्या फेरीतले १:१० वाजले होते. तुमच्या तक्त्यात आता ऑर्डर येण्याच्या चाळीस मिनिटं आधीच ती रद्द झालेली आहे! एवढा दूरदृष्टीचा ग्राहक कोणाला मिळतो? क्रमाने प्रक्रिया करणारा तुमचा प्रोग्रॅम आधी ‘रद्द’ वाचेल, अशी ऑर्डरच नाही म्हणून सोडून देईल, आणि मग ‘ऑर्डर’ वाचून माल रवाना करेल.

यूटीसीवाल्याच्या तक्त्यात काय असतं? ०५:५० आणि ०६:१०. किती नीरस. शिवाय तुमच्या १:५० मधून खरा क्षण शोधायचा म्हटलं, तर पहिल्या फेरीतला की दुसऱ्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते कुठे लिहिलेलंच नाही.

पुढे ऑफिसातला सर्व्हर जाऊन भाड्याचा येतो. त्याचं घड्याळ यूटीसीवर. दुपारी दोनची नोंद पडद्यावर सकाळी साडेआठची दिसू लागते. घाबरू नका, ३३० मिनिटं मिळवा. क्वेरीत मिळवा. मग पडदा बनवणाऱ्या मुलालाही न सांगता मिळवू द्या, त्याला कसं कळणार तुम्ही आधीच मिळवली आहेत? दोनची नोंद आता संध्याकाळी साडेसातला दिसेल. आमच्याकडे एकदा असं झालं तेव्हा एका ज्येष्ठाने रिपोर्टमध्ये साडेपाच तास वजा करून प्रश्न मिटवला होता. जुन्या नोंदींचं काय, असं कोणी विचारलं नाही. त्या भारतीय वेळेत होत्या, त्यामुळे मिळवल्या-वजावल्यावर त्या साडेपाच तास पुढेच राहिल्या.

आणि समजा, इतकं होऊन तुम्ही यूटीसीचे भक्त झालातच, तर भक्ती अर्धवट नको. जन्मतारखेलाही यूटीसी लावा. भारतीय वेळेवर असलेल्या मशीनवर हे चालवून पाहा:

```
new Date(2026, 7, 15).toISOString()
// 2026-08-14T18:30:00.000Z
```

(ऑगस्टला ७ का, हे विचारू नका. त्या भाषेत महिने शून्यापासून मोजतात.) पंधरा ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीमध्ये आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेसहाला होते. त्यातला तारखेचा तुकडा कापून ठेवला की स्वातंत्र्यदिन चौदाला. वाढदिवस हा क्षण नसून नुसती तारीख आहे, ती तारखेच्याच रकान्यात, कसलंही रूपांतर न करता ठेवायची, हे सांगणारा तोच मघाचा चहा प्यालेला माणूस. डेटाबेसात जागोजागी १८:३० दिसू लागले की तो लांबूनच ओळखतो, कोणीतरी तारखेला क्षण समजलं आहे म्हणून.

त्याच्या बोलण्यात सुसंगती तरी आहे का बघा. झालेल्या गोष्टी यूटीसीत ठेवा म्हणतो. पण न्यूयॉर्कमधली पुढच्या वर्षीची सकाळी नऊची भेट मात्र ‘सकाळी नऊ, America/New_York’ अशीच लिहा म्हणतो, कारण मधल्या काळात तिथल्या सरकारने नियम बदलला तरी लोक नऊलाच येणार. नुसतं ‘-5’ लिहिलेलंही त्याला चालत नाही, उन्हाळ्यात ते -4 होतं म्हणे.

तुम्ही -5च लिहा. जुलैत भेटीला तासभर उशिरा पोचलात, तर ट्रॅफिक होतं म्हणून सांगा.