हप्त्यांची बेरीज म्हणजे कर्ज नव्हे

«कर्जाच्या उरलेल्या हप्त्यांची बेरीज करा. सेटलमेंटची रक्कम त्याहून कमी असेल तर डोळे झाकून घ्या, वरचा फरक तुमचा निव्वळ नफा. सिबिलला काही होत नाही. पैसे आधी भरा, लेटर मागून येतं.»

हा मेसेज माझ्या मामाला तीन ग्रुपवरून आला आणि तो एफडी मोडायला निघाला, म्हणून हे लिहितोय.

मामाचं पर्सनल लोन आहे, १५ टक्के फिक्स्ड दराचं, हप्ता १२,००० रुपये. दोन हप्ते थकले, ३४ यायचे आहेत. बेरीज ४,३२,०००. वसुलीवाल्याने फोनवर ३,७०,००० सांगितले आणि मामा मला म्हणाला, "अरे, बासष्ट हजार सुटतायत!"

सुटत नाहीत. मेसेजमधली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. पुढच्या ३४ हप्त्यांत जे व्याज आहे ते अजून लागलेलंच नाही. उद्या पैसे भरले तर ते लागणारही नाही, मग ते माफ कोण करणार? तीन वर्षांनी द्यायचे १२,००० आज १२,००० नसतात. १५ टक्क्यांनी मागे आणले तर मामाच्या शेवटच्या हप्त्याची आजची किंमत ७,८६६ रुपये भरते. असा प्रत्येक हप्ता आजच्या किमतीवर आणून बेरीज करायची. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
=PV(15%/12,34,-12000)
```

उत्तर येतं सुमारे ३,३०,७२६. पुढचा हप्ता बरोबर महिन्याने आहे असं धरून. दर कर्जाच्या कराराचाच घातला, तर हा आकडा म्हणजेच बाकी मुद्दल. कर्जाच्या परतफेडीच्या तक्त्याशी तो जुळतो, आणि जुळला नाही तर दर किंवा उरलेले महिने चुकीचे घातलेत असं समजा.

त्यात थकलेले २४,००० मिळवा: ३,५४,७२६. दंड, बाउन्सचे पैसे आणि थकलेल्या दिवसांचं व्याज मिळून साधारण २,०००. मामाच्या करारात मुदतपूर्व बंद करायला बाकी मुद्दलाच्या ४ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १५,६००. सगळं धरून, एक पैसाही माफ न करून घेता, कर्ज आज ३,७२,३०० च्या आसपास बंद होतं. सूट बासष्ट हजारांची नाही, तेवीसशेची आहे.

आणि त्या तेवीसशेसाठी सिबिलवर काय येतं? 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड'. काही होत नाही म्हणणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं ८ जून २०२३ चं तडजोडीबद्दलचं परिपत्रक वाचावं. तडजोड, म्हणजेच सेटलमेंट, म्हणजे कर्जदाराशी बोलणी करून त्याच्याकडचं सगळं येणं रोखीत मिटवणं, आणि त्यात येणं असलेल्या रकमेतला काही भाग कर्ज देणाऱ्याने सोडणं असू शकतं, अशी त्यात व्याख्या आहे. येणं असलेल्या रकमेतला, पुढे कधी लागेल त्या व्याजातला नव्हे. शेतीकर्ज सोडून बाकी कर्जांत तडजोड केली की त्या कर्ज देणाऱ्याकडून नवं कर्ज मिळायला किमान १२ महिने थांबावं लागतं, हेही त्याच परिपत्रकात आहे. दुसऱ्या बँका तो शेरा कसा वाचतात ते त्यांच्या धोरणावर आहे, पण वाचतात.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागतं. मामाची एफडी ७ टक्क्यांवर आहे. त्या दराने मोजलं तर उरलेल्या हप्त्यांची आजची किंमत थकबाकीसह ३,९३,००० होते. म्हणजे पैसे एफडीत ठेवून हप्ते भरत राहण्यापेक्षा एकदम भरणं त्याला खरंच स्वस्त आहे. पण हा फायदा एकरकमी भरण्याचा आहे, सेटलमेंटचा नाही. रीतसर बंद करूनही तो जवळजवळ तेवढाच मिळतो.

खरी सूट कुठून सुरू होते? मामाच्या बाबतीत बाकी मुद्दल आणि थकलेले हप्ते मिळून होणाऱ्या ३,५४,००० च्या चांगलंच खाली गेल्यावर. कोणाची नोकरी गेलीय, हप्ते भरणं शक्यच नाही आणि अडीच लाखांत सोडतायत, तर तो माणूस शेरा पत्करून सेटलमेंट घेईल आणि बरोबरच करेल.

लेटर मागून येतं, यावर काय बोलायचं! रक्कम, तारीख आणि उरलेली बाकी माफ केल्याचं वाक्य, हे कंपनीच्या लेटरहेडवर हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, आणि दिला तर कर्जखात्यातच, वसुलीवाल्याच्या नंबरवर नाही.

मामाने काल शाखेत जाऊन फोरक्लोजर स्टेटमेंट मागितलं. आकडा आला ३,७२,१८०. तो बघून मामाने वसुलीवाल्याला फोन लावला आणि विचारलं, "माफ नक्की काय करताय?" त्याने साहेबांना विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला.